न्यूट्रॉनला किती टकरी लागतात? २ एमईव्हीपासून औष्णिक ऊर्जेपर्यंतचा हिशेब, पायरीपायरीने

प्रश्न एका ओळीचा असतो: साध्या पाण्यात २ एमईव्हीचा न्यूट्रॉन औष्णिक ऊर्जेला, म्हणजे भोवतालच्या अणूंच्या उष्णतेच्या हालचालीएवढ्या ऊर्जेला, यायला सरासरी किती टकरी लागतील? उत्तर सुमारे २० आहे. पण माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांमध्ये ५, ८, २६ आणि ८४ ही उत्तरं इतक्या वेळा दिसतात की आता नुसता आकडा पाहून चूक कुठल्या पायरीवर झाली ते सांगता येतं. ५ आलं तर एककांचा घोळ, ८ आलं तर लॉगचा, ८४ आलं तर वजनाची सरासरी. २६ मात्र फसवं आहे, कारण ते दोन अगदी वेगळ्या चुकांमधून येतं.

खाली हा हिशेब क्रमाने केला आहे. उदाहरणासाठी तारापूर घेऊ. पालघर जिल्ह्यातल्या या एकाच आवारात १ आणि २ क्रमांकाच्या अणुभट्ट्या साध्या पाण्याच्या आहेत, तर ३ आणि ४ क्रमांकाच्या जड पाण्याच्या. न्यूट्रॉन तोच, त्याला मंद करणारे पदार्थ, म्हणजे मॉडरेटर, दोन.

## तयारी: कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी

कागदावर आधी चार गोष्टी लिहून घ्या.

सुरुवातीची ऊर्जा. विखंडनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा साधारण २ एमईव्ही असते, म्हणून तीच धरू.

शेवटची ऊर्जा. पुस्तकात ०.०२५३ ईव्ही असते. हा आकडा २० अंश सेल्सिअसला बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान केल्यावर येतो.

मॉडरेटरमधल्या प्रत्येक मूलद्रव्याचा अणुभारांक A. हायड्रोजन १, ड्यूटेरियम २, कार्बन १२, ऑक्सिजन १६.

मॉडरेटर संयुग असेल, तर प्रत्येक अणूचा प्रकीर्णनाचा काटछेद, म्हणजे न्यूट्रॉनच्या टकरीसाठी तो अणू केवढं लक्ष्य ठरतो त्याचं माप, बार्न या एककात. हायड्रोजनचा सुमारे २०.४, ड्यूटेरियमचा ३.४, ऑक्सिजनचा ३.८. हा रकाना बरेच जण सोडून देतात आणि पाचव्या पायरीवर अडकतात.

इशारा: दोन्ही ऊर्जा ईव्हीमध्येच लिहा. २ एमईव्ही म्हणजे २०,००,००० ईव्ही. घाईत `ln(2/0.0253)` केलं तर ४.३७ येतं आणि पाण्यासाठी जेमतेम ५ टकरी निघतात. हेच ते ५.

## १. एकूण लेथार्जी काढा

लेथार्जी म्हणजे न्यूट्रॉन ऊर्जेच्या जिन्यावरून लॉगच्या मापाने किती खाली आला ते. ऊर्जा कमी होते तशी लेथार्जी वाढते. आपल्याला हवा आहे दोन ऊर्जांमधला फरक:

```
Δu = ln(E_start / E_end)
   = ln(2000000 / 0.0253)
   = ln(7.905e7)
   = 18.19
```

इथे दोन चुका नेहमीच्या. पहिली लॉगची. कॅल्क्युलेटरवर `log` आणि `ln` शेजारी शेजारी असतात. दहा पायाचा लॉग घेतला तर १८.१९ ऐवजी ७.९० येतं आणि पुढे सगळं बरोबर करूनही उत्तर ८ किंवा ९ निघतं. तिसऱ्या पायरीतला ξ नैसर्गिक लॉगवरच बेतलेला आहे, त्यामुळे इथेही `ln` लागतो.

दुसरी चूक तयार तक्ते वापरणाऱ्यांची. अशा तक्त्यांत लेथार्जीचं शून्य बहुधा १० एमईव्हीवर ठेवलेलं असतं. तिथे ०.०२५३ ईव्हीसमोर १९.८० लिहिलेलं दिसतं आणि ते जसंच्या तसं उचललं जातं. पण आपला न्यूट्रॉन १० एमईव्हीवरून निघालेलाच नाही. २ एमईव्हीपाशी त्याची लेथार्जी आधीच `ln 5`, म्हणजे १.६१ आहे. ती वजा केली की १८.१९ परत मिळतं. शून्य कुठेही ठेवा, फरक तोच राहतो.

पडताळा: तापमान बदललं तर किती फरक पडतो ते एकदा पाहा. १ आणि २ क्रमांकाच्या प्रकारच्या अणुभट्टीत पाणी सुमारे २८५ अंशांवर असतं. त्या तापमानाला औष्णिक ऊर्जा ०.०४८ ईव्ही होते आणि Δu १७.५. शेवटची ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली, लेथार्जी पाऊणएकही हलली नाही. त्यामुळे "नेमकी कुठली औष्णिक ऊर्जा घेऊ" यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही. एक घ्या, लिहून ठेवा, शेवटपर्यंत तीच वापरा.

## २. α काढा

न्यूट्रॉन स्थिर अणुकेंद्राला स्थितिस्थापक टक्कर देतो तेव्हा त्याच्याजवळ कमीत कमी किती ऊर्जा उरू शकते, हे α सांगतो. समोरासमोर टक्कर झाली तर E ची αE होते. नुसतं चाटून गेला तर E तशीच राहते. बाकी सगळ्या शक्यता या दोन टोकांच्या मध्ये.

```
α = ((A - 1)/(A + 1))^2
```

कार्बनसाठी ११/१३ चा वर्ग, ०.७१६. ड्यूटेरियमसाठी १/९, म्हणजे ०.१११. हायड्रोजनसाठी शून्य. न्यूट्रॉन आणि प्रोटॉनचं वस्तुमान जवळजवळ सारखं, त्यामुळे कॅरमच्या सोंगटीने सोंगटीला सरळ मारावं तसा न्यूट्रॉन जागच्या जागी थांबू शकतो.

पडताळा: वर्ग राहिला तर कार्बनचा α ०.८४६ येतो आणि टकरी दुपटीच्या आसपास जातात. कार्बनसाठी सव्वादोनशेच्या आसपास उत्तर आलं, तर आधी हा वर्ग पाहा.

## ३. ξ काढा, आणि इथे थोडं थांबा

एका टकरीत लेथार्जी सरासरी कितीने वाढते तो ξ. सूत्र असं:

```
ξ = 1 + (α/(1 - α)) · ln α
```

कार्बन: ०.७१६ भागिले ०.२८४ म्हणजे २.५२१. `ln 0.716` म्हणजे −०.३३४. गुणाकार −०.८४२, म्हणून ξ = ०.१५८. ड्यूटेरियमचा ०.७२५, ऑक्सिजनचा ०.१२० याच रीतीने येतो.

हायड्रोजनला कॅल्क्युलेटर चूक दाखवतो, कारण शून्याचा लॉग नसतो. पण α शून्याकडे जाताना α गुणिले `ln α` हा गुणाकारही शून्याकडेच जातो. म्हणून हायड्रोजनचा ξ बरोबर १. हे पाठच करून टाका.

आता ती चूक, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. विद्यार्थी असा विचार करतो: हायड्रोजनशी टक्कर झाली की ऊर्जा ० ते E मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने, येऊ शकते. म्हणजे सरासरीने निम्मी होते. मग ७.९ कोटीला किती वेळा निम्मं केलं की १ येईल? २६ वेळा. उत्तर २६.

पहिलं विधान खरं आहे, सरासरी ऊर्जा निम्मीच होते. चूक पुढच्या उडीत आहे. तीन टकरी घ्या. पहिल्या टकरीनंतर ९० टक्के ऊर्जा उरली, दुसरीनंतर ५० टक्के, तिसरीनंतर १० टक्के. या तीन आकड्यांची सरासरी ५० टक्केच आहे. पण तीन टकरींनंतर हातात काय उरलं? ०.९ × ०.५ × ०.१, म्हणजे ०.०४५. प्रत्येक वेळी निम्मी झाली असती तर ०.१२५ उरली असती. ऊर्जा टकरीगणिक गुणली जाते, बेरजेने घटत नाही. त्यामुळे ती एक १० टक्क्यांची मोठी घसरण साऱ्या गुणाकाराला खाली ओढते, आणि ९० टक्क्यांच्या हलक्या टकरीला ते भरून काढता येत नाही.

गुणाकाराची बेरीज करायची तर लॉग घ्यावा लागतो. याच तीन टकरींचे लॉग, ऋण चिन्ह सोडून, ०.१०५, ०.६९३ आणि २.३०३. बेरीज ३.१०, सरासरी १.०३. तीनच टकरी घेऊनसुद्धा हायड्रोजनच्या ξ = १ च्या किती जवळ आलो ते पाहा. निम्मं करणाऱ्याचा आकडा होता `ln 2`, म्हणजे ०.६९३. सरासरीचा लॉग आणि लॉगची सरासरी या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि हायड्रोजनमध्ये त्यांच्यातलं अंतर सर्वांत जास्त असतं. कार्बनमध्ये हीच चूक केली तर ११५ ऐवजी ११९ येतं, म्हणून तिथे ती पकडलीच जात नाही.

इशारा: ξ = १ याचा अर्थ प्रत्येक टकरीत ऊर्जा १/e होते, असा नाही. एखाद्या टकरीत ती ९९ टक्के राहील, पुढच्या टकरीत २ टक्क्यांवर येईल. ξ हा पुष्कळ टकरींचा हिशेब आहे.

आणखी एक: `2/(A + 2/3)` हे सोपं सूत्र कार्बन आणि त्यापुढच्या अणूंसाठी उत्तम चालतं. कार्बनला ०.१५८ च देतं. ड्यूटेरियमला ०.७५ देतं, म्हणजे तीनेक टक्के जास्त. हायड्रोजनला १.२ देतं, म्हणजे सरळ चूक. हलक्या अणूंना ते लावू नका.

## ४. एकाच मूलद्रव्याचा मॉडरेटर असेल तर भागाकार

```
N = Δu / ξ
```

हायड्रोजन १८.२, ड्यूटेरियम २५.१, कार्बन ११५. ग्रॅफाइटचं उत्तर इथेच संपतं. पाणी आणि जड पाणी यांचं नाही.

युरेनियम-२३८ साठी हे सूत्र २,१०० च्या वर टकरी दाखवतं. जड अणू न्यूट्रॉनला किती कमी मंद करतो हे सांगायला तो आकडा ठीक, पण खरा समजू नका. प्रत्यक्षात वरच्या ऊर्जेला तिथे अस्थितिस्थापक टकरी होतात आणि खाली येईपर्यंत रेझोनन्समध्ये, म्हणजे शोषण एकदम वाढतं अशा ठरावीक ऊर्जांपाशी, न्यूट्रॉन गिळला जातो. सूत्राने गृहीत धरलेला प्रवास तिथे घडतच नाही.

## ५. पाणी आणि जड पाणी: सरासरी कशाच्या प्रमाणात?

संयुगाचा ξ काढताना विचारायचा प्रश्न असा: न्यूट्रॉनची पुढची टक्कर कोणाशी होण्याची शक्यता किती? ती शक्यता अणूंची संख्या गुणिले प्रत्येकाचा प्रकीर्णन काटछेद या प्रमाणात असते. सरासरीही त्याच प्रमाणात काढायची.

साध्या पाण्यासाठी:

```
2 × 20.4 × 1.000 = 40.80
1 ×  3.8 × 0.120 =  0.46
ξ = 41.26 / (40.8 + 3.8) = 0.925
N = 18.19 / 0.925 = 19.7
```

जड पाण्यासाठी:

```
2 × 3.4 × 0.725 = 4.93
1 × 3.8 × 0.120 = 0.46
ξ = 5.39 / (6.8 + 3.8) = 0.508
N = 18.19 / 0.508 = 35.8
```

म्हणजे एकीकडे २०, दुसरीकडे ३६.

इथे दोन आडवाटा आहेत. पहिली वजनाची. पाण्याच्या १८ भागांत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे १६, म्हणून ξ = ०.२१८ आणि टकरी ८४. न्यूट्रॉन काही तराजू घेऊन फिरत नाही. ऑक्सिजनचं वजन जास्त आहे म्हणून टक्कर त्याच्याशी जास्त होत नाही, उलट वरच्या हिशेबात शंभरातल्या ९१ टकरी हायड्रोजनशी आहेत.

दुसरी आडवाट अणू मोजण्याची. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, म्हणून ξ = ०.७०७ आणि टकरी २६. हे ते दुसरं २६. तिसऱ्या पायरीतल्या चुकीशी याचं काही नातं नाही, पण दोन विद्यार्थी एकमेकांची वही पाहून "आपलं जुळलं" म्हणतात आणि दोघेही चुकलेले असतात. गंमत म्हणजे हीच चूक जड पाण्यात केली तर ξ ०.५२३ येतो, ०.५०८ च्या इतका जवळ की चूक दिसतच नाही. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन यांचे काटछेद जवळपास सारखे असल्याने हे घडतं. जड पाण्याचं उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर आहे असं समजू नका. तीच रीत साध्या पाण्याला लावून पाहा.

मर्यादा: हायड्रोजनचा २०.४ बार्न हा आकडा साधारण १० केईव्हीच्या खाली चालतो. १ एमईव्हीला तो ४ च्या आसपास असतो. ऑक्सिजनचा आकडा तोच ठेवला तर तिथे पाण्याचा ξ ०.७२ वर येतो. पण २ एमईव्ही ते १० केईव्ही हा टप्पा लेथार्जीत फक्त ५.३ चा आहे. सगळा टप्पा ०.७२ ने भागला तरी ७.४ टकरी होतात, ०.९२५ ने ५.७. म्हणजे चूक फार तर दोन टकरींची. हाताच्या हिशेबात ती चालते, अहवालात लिहिताना मात्र तळटीप द्या.

## ६. १ ईव्हीपाशी रेघ मारा

आतापर्यंत आपण समोरचा अणू स्थिर आणि मोकळा धरला. न्यूट्रॉनची ऊर्जा १ ईव्हीच्या खाली गेली की दोन्ही गोष्टी खऱ्या राहत नाहीत. अणू उष्णतेने हलत असतो आणि त्याची ऊर्जा न्यूट्रॉनच्या ऊर्जेशी तुल्य होते. त्यामुळे टकरीत न्यूट्रॉनला ऊर्जा मिळूही शकते. शिवाय हायड्रोजन पाण्याच्या रेणूत बांधलेला असतो, मोकळ्या प्रोटॉनसारखा उडून जात नाही.

म्हणून उत्तर दोन तुकड्यांत लिहिण्याची सवय लावा:

```
2 MeV -> 1 eV      : Δu = 14.51
1 eV  -> 0.0253 eV : Δu =  3.68
```

साध्या पाण्यात पहिल्या तुकड्याला १५.७ टकरी, जड पाण्यात २८.६. हा भाग भरवशाचा. उरलेल्या अनुक्रमे ४ आणि ७ टकरी नुसता अंदाज आहेत. पुस्तकापुस्तकांत कार्बनसाठी कुठे ९२ आणि कुठे ११५ दिसतं, त्याचं कारणही हेच. एकाने १ ईव्हीला थांबून मोजलं, दुसऱ्याने ०.०२५३ पर्यंत नेलं. दोन्ही उत्तरं बरोबर, पण थांबा कुठला ते न लिहिता दिली तर तुलना करता येत नाही.

## ७. फासे टाकून तपासा

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर न्यूट्रॉन सोडून पाहा. प्रत्येक टकरीनंतर ऊर्जेला α ते १ मधल्या यादृच्छिक आकड्याने गुणायचं आणि टकरी मोजायच्या, एवढंच.

```python
import random, math

def run(A, E=2e6, Ef=0.0253):
    a = ((A - 1)/(A + 1))**2
    n = 0
    while E > Ef:
        E *= random.uniform(a, 1)
        n += 1
    return n

for A in (1, 2, 12):
    x = [run(A) for _ in range(20000)]
    m = sum(x)/len(x)
    s = math.sqrt(sum((i - m)**2 for i in x)/len(x))
    print(A, round(m, 1), round(s, 1))
```

मधला आकडा हायड्रोजनला १९.२, ड्यूटेरियमला २५.९ आणि कार्बनला ११६ च्या आसपास यायला हवा. सूत्राने १८.२, २५.१ आणि ११५.३ दिलं होतं. थोडं जास्त आलं म्हणून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका. शेवटची टक्कर न्यूट्रॉनला नेमकं ०.०२५३ वर आणून ठेवत नाही, ती त्याच्या खाली कुठेतरी टाकते. त्या जादा उडीचा हिशेब भागाकारात नसतो. हायड्रोजनमध्ये ती उडी सरासरीने बरोबर एका टकरीइतकी भरते, कार्बनमध्ये त्याहून कमी.

शेवटचा आकडा, प्रमाण विचलन, हायड्रोजनला ४.३ येतो. म्हणजे १५ टकरींत पोहोचणारा न्यूट्रॉनही सर्रास भेटेल आणि २३ वाला पण. कार्बनला ते साडेसहाच्या आसपास असतं. म्हणून "१८.१९ टकरी" असं दशांशात उत्तर लिहिणं म्हणजे लांबी पावलांनी मोजून मिलिमीटरमध्ये सांगणं. १८ किंवा "सुमारे २०" पुरे.

## उत्तर वाचताना

पाण्यात २०, जड पाण्यात ३६, म्हणून साधं पाणी जास्त चांगला मॉडरेटर, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. टकरींची संख्या फक्त मंद होण्याबद्दल बोलते. वाटेत न्यूट्रॉन गिळला जाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. औष्णिक ऊर्जेला हायड्रोजनचा शोषण काटछेद ०.३३ बार्न आहे, ड्यूटेरियमचा ०.०००५. जड पाण्यात १६ टकरी जास्त होतात, पण त्यांत न्यूट्रॉन जवळजवळ हरवत नाही. म्हणूनच तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालू शकतात, आणि १ व २ यांना समृद्ध युरेनियम लागतं.

शिवाय टकरी किती हे कळलं तरी त्या किती अंतरात झाल्या ते वेगळं काढावं लागतं. साध्या पाण्यात दोन टकरींमधलं अंतर सरासरी ०.७ सेंटिमीटर, जड पाण्यात २.८. टकरी दुपटीहून कमी वाढल्या, पण प्रत्येक पाऊल चौपट लांब झालं. त्यामुळे जड पाण्याच्या अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या एकमेकींपासून बऱ्याच दूर बसवाव्या लागतात आणि तेवढ्याच शक्तीसाठी मॉडरेटरची टाकी मोठी होते.